यॉंगब्योनच्या धुळीतला हिशेब

मे १९९२ मध्ये उत्तर कोरियाने व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे आपल्या अणुसाहित्याची यादी दिली. त्यात एक लहानशी नोंद होती : सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम. यॉंगब्योनच्या अणुभट्टीतल्या काही खराब इंधनकांड्यांमधून १९९० साली, एकदाच, प्रयोग म्हणून हे वेगळे काढले, असे सांगण्यात आले. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमध्ये प्लुटोनियम सहा किलोच्या आसपास होते. त्या मानाने ९० ग्रॅम म्हणजे काहीच नाही. तरीही या नोंदीवरून पुढे जे घडले, त्यातून अण्वस्त्रप्रसारबंदी करार कुठे पक्का आहे आणि कुठे कच्चा, हे फार स्पष्ट दिसते.

हा करार १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि मार्च १९७० पासून लागू आहे. त्याच्या मुळाशी देवाणघेवाण आहे. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला होता, ते अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन हे पाच देश अण्वस्त्रधारी मानले गेले. बाकी सर्वांनी अण्वस्त्रे न बनवण्याचे वचन दिले आणि ते पाळले जाते की नाही हे तपासू देण्याचे मान्य केले. त्या बदल्यात त्यांना शांततेच्या कामासाठी अणुऊर्जा वापरण्याचा हक्क मिळाला, आणि पाचांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करण्याची जबाबदारी घेतली.

तपासणी म्हणजे मुळात हिशेब. कोणत्या देशात किती युरेनियम आले, अणुभट्टीत किती गेले, बाहेर काय निघाले, कुठे ठेवले, याची वही देश लिहितो आणि निरीक्षक ती प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहतात. ते मोजमापे घेतात, दारांना आणि डब्यांना सील लावतात, कॅमेरे बसवतात. एका बॉम्बला पुरेल इतका माल म्हणून संस्थेने ८ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियममधले २५ किलो युरेनियम-२३५ ही मात्रा धरली आहे. थेट बॉम्बसाठी वापरता येईल असा एवढा माल गायब झाला, तर ते महिन्याभरात कळले पाहिजे, असे उद्दिष्ट असते. अट एवढीच की माल वहीत आलेला हवा. जो वहीतच नाही, तो ताडणार कशाशी?

यॉंगब्योनमध्ये निरीक्षकांना नेमकी हीच शंका आली. तिथे ‘रेडिओकेमिकल प्रयोगशाळा’ नावाची मोठी इमारत होती. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचे काम तिथे चाले. निरीक्षकांनी तिथल्या उपकरणांवरून कापडाचे तुकडे फिरवून धूळ गोळा केली आणि नमुने तपासणीसाठी पाठवले. प्लुटोनियममध्ये प्लुटोनियम-२४१ हा प्रकार थोड्या प्रमाणात असतो. तो साधारण चौदा वर्षांत निम्मा होतो आणि त्याचे अमेरिशियम बनत जाते. रासायनिक प्रक्रियेने प्लुटोनियम वेगळे काढताना आधीचे अमेरिशियम बाजूला होते, म्हणजे त्या दिवशी घड्याळ शून्यावर येते. पुढे जितके अमेरिशियम साठलेले दिसेल, तितके दिवस उलटलेले असतात.

प्रक्रिया एकदाच झाली असती, तर सगळ्या कणांचे वय एकच निघाले असते. धुळीत मात्र तीन वेगवेगळी वये सापडली : १९८९, १९९० आणि १९९१. शिवाय प्रक्रियेतून उरलेल्या कचऱ्यातले प्लुटोनियम आणि निरीक्षकांना दाखवलेले प्लुटोनियम यांचे अंतर्गत प्रमाण जुळेना. म्हणजे दाखवला नव्हता असा कचरा कुठेतरी होता, आणि दाखवले नव्हते असे प्लुटोनियमही. ते काही ग्रॅम होते की काही किलो, हे धूळ सांगू शकत नव्हती. अशा पुराव्याची ही मर्यादा कायम लक्षात ठेवावी लागते : खोटे बोलले गेले हे तो सिद्ध करतो, खोटे केवढे मोठे आहे हे नाही.

ते कळण्यासाठी कचरा पाहणे आवश्यक होते. उपग्रहाच्या छायाचित्रांत दोन संशयास्पद जागा दिसत होत्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये संस्थेचे महासंचालक हान्स ब्लिक्स यांनी तिथे विशेष तपासणी मागितली. उत्तर कोरियाने त्या लष्करी जागा असल्याचे सांगून नकार दिला आणि १२ मार्चला करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. तीन महिन्यांची मुदत पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना ती स्थगित केली. १९९४ मध्ये अणुभट्टीतल्या सुमारे आठ हजार इंधनकांड्या अशा रीतीने बाहेर काढल्या गेल्या, की कोणती कांडी भट्टीत कुठे आणि किती काळ होती हे ठरवणे अशक्य झाले. भट्टीचा इतिहास वाचण्याचे एक साधन तिथेच गेले. अमेरिकेशी समझोता होऊन काही वर्षे काम थांबले, पण २००२ च्या अखेरीस निरीक्षकांना घालवण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये, जुन्या नोटिशीचा एकच दिवस शिल्लक होता असे सांगत, उत्तर कोरिया करारातून बाहेर पडला. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याने पहिला अणुस्फोट केला.

माझ्या मते इथे तपासणी हरली नाही. खोटे तिने वेळेत पकडले होते. हरले ते कलम दहा, जे करारात राहून जमवलेले ज्ञान आणि साहित्य घेऊन तीन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडू देते, आणि हरली सुरक्षा परिषद, जिच्याकडे प्रकरण एप्रिल १९९३ मध्येच गेले होते. इराक आणि उत्तर कोरियाच्या अनुभवानंतर १९९७ मध्ये अतिरिक्त प्रोटोकॉल आला. त्याने जाहीर न केलेल्या जागीही जाण्याचे आणि नमुने घेण्याचे जास्त अधिकार निरीक्षकांना दिले. पण तो स्वीकारणे अजूनही देशाच्या मर्जीवर आहे.

भारताने हा करार भेदभावाचा म्हणून कधीच स्वीकारला नाही. आपल्याकडची तपासणी वेगळ्या करारांखाली होते. त्यामुळेच पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला पहिल्या दोन अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आहेत, तर शेजारची तिसरी आणि चौथी त्या यादीत नाही.

भेदभावाच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते कलम सहामध्ये दिसते. शस्त्रस्पर्धा थांबवण्यासाठी आणि निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी कराव्यात, असे हे कलम सांगते. त्याला तारीख नाही, वही नाही, निरीक्षकही नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ च्या सल्लामतात एकमुखाने म्हटले, की नुसती बोलणी करून भागणार नाही, ती शेवटास नेण्याचेही बंधन आहे. अमेरिकेच्या ६७ अणुचाचण्या सोसलेल्या मार्शल बेटांनी २०१४ मध्ये या बंधनासाठी दावे लावले. ब्रिटन, भारत आणि पाकिस्तान यांच्याविरुद्धचे तीन दावे न्यायालयासमोर चालले. करारात नसलेल्या देशांनाही हे बंधन लागू आहे, असे बेटांचे म्हणणे होते. २०१६ मध्ये तिन्ही दावे मूळ प्रश्नात न शिरताच निकाली निघाले, कारण पक्षांमध्ये वादच सिद्ध होत नाही असे न्यायालय म्हणाले. ब्रिटनच्या प्रकरणात मते आठ-आठ पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला.

जगातली अण्वस्त्रे ऐंशीच्या दशकातल्या सुमारे सत्तर हजारांवरून बारा हजारांच्या आसपास आली, हे खरे आहे. पण ती मुख्यतः अमेरिका आणि रशियाच्या आपसातल्या समझोत्यांनी आणि निर्णयांनी घटली. त्या दोघांतल्या ‘न्यू स्टार्ट’ करारात एकमेकांच्या तळांवर वर्षाला अठरापर्यंत तपासण्या करण्याची सोय होती. त्या मार्च २०२० मध्ये थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. बिगर-अण्वस्त्र देशांकडून ग्रॅमचा हिशेब मागायचा आणि पाच बड्यांच्या हजारो बॉम्बची जबाबदारी त्यांच्या सद्भावनेवर सोडायची, अशी ही व्यवस्था आहे. कलम सहाला मुदत आणि तपासणी जोडली जात नाही, तोवर तिला न्याय्य म्हणता येणार नाही.