लेबलवरची किंमत म्हणजे प्रस्ताव नव्हे

काचेमागे साडी लावलेली आहे आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत किंमत आहे २,४९९ रुपये. तुम्ही आत जाऊन पैसे पुढे करता. दुकानदार म्हणतो, "ताई, चिठ्ठी लिहिताना आकडे उलटसुलट झालेत, साडी ४,२९९ ची आहे." तुम्ही ती साडी त्याच किमतीत मागू शकता का? करार कायद्यापुरतं बोलायचं तर नाही. (फसव्या किमतीसाठी आणि छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतल्यास वेगळे कायदे आहेत, तो प्रश्न निराळा.)

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २ नुसार, समोरच्याची संमती मिळवण्यासाठी आपण एखादी गोष्ट करायला तयार आहोत असं कळवणं म्हणजे प्रस्ताव. समोरच्याने 'हो' म्हटलं की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. म्हणून प्रश्न असा विचारावा, की आता एका 'हो'ने करार पुरा होतो, की दुसऱ्या बाजूला अजून 'नाही' म्हणायची मोकळीक उरते? मोकळीक उरत असेल, तर आधी जे झालं ते केवळ प्रस्ताव मांडण्याचं निमंत्रण. चिठ्ठी हा प्रस्ताव मानला, तर एका साडीसाठी दहा बायकांनी 'घेतली' म्हटल्यावर दुकानदार नऊ जणींचा देणेकरी होईल.

यावरचा सगळ्यात उपयोगी खटला लंडनजवळच्या एजवेअरमधल्या बूट्स या औषधविक्रेत्यांचा आहे. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतःच फळीवरून माल उचलायचा, ही पद्धत १९५१ मध्ये तिथे नवी होती. ब्रिटनच्या १९३३ च्या कायद्यानुसार विषारी म्हणून नोंदलेल्या औषधांची विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हायला हवी होती. बूट्सचा फार्मासिस्ट गल्ल्याजवळ असे आणि तिथे तो विक्री थांबवू शकत असे. फार्मसी सोसायटीचं म्हणणं असं, की फळीवरची बाटली हा प्रस्ताव आणि ती टोपलीत टाकणं हा स्वीकार. म्हणजे विक्री फळीपाशीच झाली आणि तिथे फार्मासिस्ट नव्हता.

न्यायालयाने ते मानलं नाही. बाटली टोपलीत पडताच करार होत असेल, तर गिऱ्हाइकाला ती परत फळीवर ठेवून दुसरी, बरी दिसणारी बाटली घेताच येणार नाही. पहिलीचे पैसे देणं भाग पडेल. दुकानात कोणी तसं वागत नाही. म्हणून फळी हे निमंत्रण, गल्ल्यावर बाटली पुढे करणं हा गिऱ्हाइकाचा प्रस्ताव आणि दुकानाने पैसे घेणं हा स्वीकार. अपील न्यायालयाने १९५३ मध्ये हेच कायम केलं. इथे विद्यार्थी हमखास घोटाळा करतात: प्रस्ताव नेहमी विकणाराच मांडतो, असं ते धरून चालतात. इथे तो घेणाऱ्याने मांडला.

लिलावातही बोली लावणाराच प्रस्ताव मांडतो. जुन्या कपाटाला कोणी १२,००० ची बोली लावली आणि लिलाव पुकारणारा 'एक वार, दोन वार' म्हणेपर्यंत त्याचं मन बदललं, तर तो बोली मागे घेऊ शकतो. हातोडा पडला किंवा 'तीन वार' झालं की विक्री पुरी. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. लिलावाची जाहिरातही बांधून ठेवत नाही. १८७३ च्या हॅरिस विरुद्ध निकरसन खटल्यात एक दलाल लंडनहून लिलावाला गेला, पण त्याला हवं होतं ते फर्निचर विक्रीतून आधीच काढून घेतलेलं होतं. त्याला प्रवासखर्च मिळाला नाही.

जाहिरातींचं मात्र सरसकट सांगता येत नाही. १९६८ च्या पार्ट्रिज विरुद्ध क्रिटेंडन खटल्यात 'पक्षी, प्रत्येकी २५ शिलिंग' ही मासिकातली जाहिरात निमंत्रणच ठरली, कारण विक्रेत्याकडचा साठा मर्यादित असतो. उलट, कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने १८९१ मध्ये जाहीर केलं, की आमचा गोळा दिवसातून तीनदा, दोन आठवडे सूचनेप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ. हे आम्ही मनापासून म्हणतोय हे दाखवायला बँकेत १,००० पौंड ठेवल्याचंही त्यात छापलं. श्रीमती कार्लिल यांनी तसा वापर केला आणि आजारी पडल्या. 'साऱ्या जगाशी करार कसा होईल?' हा कंपनीचा बचाव १८९२ च्या अपिलाच्या निकालापर्यंत टिकला नाही. प्रस्ताव साऱ्या जगापुढे मांडता येतो; करार मात्र अट पुरी करणाऱ्याशीच होतो. अट स्पष्ट होती, रक्कम ठरलेली होती आणि ती पुरी झाल्यावर कंपनीला नकाराला जागाच उरली नव्हती. आपल्या करार कायद्याच्या कलम ८ मध्येही प्रस्तावातली अट पुरी करणं हाच स्वीकार मानलेला आहे. पार्ट्रिज आणि कार्लिल हे दोन निकाल शेजारी ठेवूनच वाचावेत.