गड उतरल्यावर काय लिहायचं?

रविवारी संध्याकाळी राजगडाहून पुण्याकडे परतणाऱ्या कुठल्याही जीपमध्ये डोकावून पाहा. निम्मे लोक माना टाकून झोपलेले असतात आणि उरलेले फोनवर बोटं फिरवत असतात. सगळ्यांचे डोळे उघडे आहेत आणि कुणाचीही पोट लपवण्याची धडपड दिसत नाही, असा एक फोटो सापडेपर्यंत मार्गासनी आलेली असते. मग त्याखाली दोन ओळी लिहायच्या असतात आणि गाडी तिथे अडते.

आमच्यातल्या एकाने गेल्या खेपेला जीपमध्येच लिहून वाचून दाखवलं ते असं : ‘राजगड सर! सव्वादोन तासांत चोर दरवाजा, एकदाही न थांबता. सह्याद्री रक्तात आहे!’ शेवटी दंडाच्या बेटकुळीचं चित्र. मागच्या सीटवरून लगेच आवाज आला, “अरे, सव्वादोन तास कुणाला लागले? तुला. आम्ही साडेतीन तासांनी पोचलो आणि अर्धा तास तू वर बसून आमचीच केळी खाल्लीस.”

त्या कॅप्शनमध्ये नेमकं हेच खटकत होतं. फोटो सगळ्यांचा आणि मजकूर एकट्याचा. गड सगळ्यांनी मिळून चढला, पण आकडा सर्वांत पुढे असलेल्याचा. वेळ, किलोमीटर, चढाई, घड्याळाने मोजलेल्या कॅलरी हे सगळं खरं असू शकतं, तरी ते एका माणसाच्या अंगाचं मोजमाप आहे, त्या दिवसाचं नव्हे. जो दर वळणावर थांबून पाणी पीत होता, त्याला तो फोटो आपला वाटत नाही. आनंद झाला हे सांगण्यात फुशारकी काहीच नाही. फुशारकी सुरू होते ती स्टॉपवॉचपासून.

यावरचा सोपा उपाय म्हणून लोक उलट्या टोकाला जातात. ‘विशेष काही नाही, रविवारचा मॉर्निंग वॉक.’ ही विनम्रता वाटते, पण ती दुप्पट बढाई आहे, आणि जरा धोक्याचीही. गुंजवण्याकडून चोर दरवाज्याला जाणारी वाट रुळलेली आहे, पण शेवटच्या टप्प्यात ती कातळाला भिडते. तिथे खोदलेल्या पावठ्यांत पाय रोवत, लोखंडी कठडा धरत वर सरकावं लागतं, आणि दरवाज्यात शिरताना पाठीवरच्या सॅकसकट वाकावं लागतं. पावसाळ्यात ती जागा निसरडी होते. ‘मॉर्निंग वॉक’ वाचून कुणी आपल्या गुडघे धरलेल्या वडिलांना त्या वाटेने घेऊन गेलं, तर आपल्या विनम्रतेची किंमत त्यांच्या पायांनी मोजायची. त्यांना पालीची वाट सांगायला हवी. ती लांबची आहे, पण पायऱ्या रुंद आहेत आणि पाली दरवाज्यातून ताठ मानेने आत जाता येतं.

तिसरा प्रकार हल्ली फार वाढलाय : दुःखाची बढाई. ‘मरता मरता वाचलो’, ‘पाय तुटले पण जिद्द नाही.’ पाय तुटलेले नसतात. मांड्या भरून आलेल्या असतात आणि त्याचं कारण चढण नसून बहुधा उतरण असते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलत असतात, ब्रेक दाबून घाट उतरणाऱ्या गाडीसारखे. त्या कामाची सवय नसली की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि त्याचं दुखणं लगेच न येता एकदोन दिवसांनी शिखराला पोचतं. म्हणूनच रविवारी जीपमध्ये लिहिलेला थकवा नेहमी थोडा नाटकी असतो. खरा थकवा सोमवारी-मंगळवारी कळतो, जेव्हा ऑफिसच्या जिन्यावरून कठडा धरून, तिरकं, एकेक पायरी उतरावं लागतं आणि मागून येणारा शिपाई विचारतो, “साहेब, पडलात का?”

माझं मत विचाराल तर कॅप्शन त्या वेळी लिहावं. फोटो रविवारी टाकायची कुणी सक्ती केलेली नाही. दोन दिवस थांबलं की बेटकुळी आपोआप गळून पडते, आणि जे आठवत राहतं तेच लिहिण्याजोगं असतं.

आता आमचंच कॅप्शन पुन्हा लिहायला घेऊ. आधी शिल्लक काय उरलं ते पाहायचं. गुंजवण्यातून पहाटे निघालो. पद्मावती माचीवर मावशींकडे पिठलं-भाकरी खाल्ली. दुपारी बालेकिल्ला चढलो. सुवेळा माचीवर नेढ्यात बसलो. पालीने उतरलो, कारण ड्रायव्हरदादांना गाडी तिकडे आणायला सांगितली होती. यातलं सगळं लिहिलं तर ते प्रवासवर्णन होईल आणि फोटोखाली ते कुणी वाचत नाही. पडद्यावर पहिल्या एकदोन ओळी दिसतात, पुढचं बोट लावल्यावर उघडतं. म्हणजे निवड करावीच लागते.

निवडताना मी एक पाहतो : ही गोष्ट दुसऱ्या गडावर घडली असती का? ‘ढगांत हरवलो’ हे कुठेही घडतं. ‘मित्र, निसर्ग आणि महाराजांचा आशीर्वाद’ हे तर घरबसल्याही लिहिता येतं. पण बालेकिल्ल्याच्या चढावर जे झालं ते तिथलंच होतं. पद्मावती माचीवरून बालेकिल्ल्याच्या महादरवाज्याकडे जाताना कातळातल्या उभ्या पायऱ्या लागतात. दम सगळ्यांचाच लागला होता, पण कबूल कुणी करेना. मग एकाने मध्येच थांबून मागे वळून म्हटलं, “अरे, सुवेळा बघा काय दिसतेय!” खरंच दिसत होती, पूर्वेकडे निमुळती होत गेलेली लांबच लांब माची. पाच मिनिटं सगळ्यांनी सुवेळा पाहिली. पुढे दहा पायऱ्यांवर दुसऱ्याला सुवेळेचं कौतुक सुचलं. महादरवाज्याशी पोचेपर्यंत त्या माचीचं इतकं निरीक्षण झालं की तिथल्या शिबंदीनेही केलं नसेल.

हे लिहिलं की थकवा आला, जागा आली, सगळे आले, आणि ‘मी’ हा शब्द लागलाच नाही. मित्राने मंगळवारी पाठवलेली ओळ अशी होती : ‘बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांवर दर दहा पावलांना कुणाला तरी सुवेळा माची फार सुंदर दिसत होती.’ ज्याने तो जिना चढलाय तो हसतो. ज्याने चढला नाही त्यालाही कळतं की इथे सगळ्यांना धाप लागली होती. एकदाही न थांबल्याचं सांगण्यापेक्षा इतक्या वेळा थांबल्याचं सांगणं वाचायला बरं वाटतं, कारण त्यात वाचणाऱ्यालाही बसायला जागा असते.

इथे एक सावधगिरी. हसवायच्या नादात थट्टेचा विषय सर्वांत मागे राहिलेला मित्र होता कामा नये. ‘याला वर आणायला क्रेन लागली असती’ या वाक्यात आपण त्याच्या पुढे होतो हे सांगायची सोय असते. त्याने स्वतः लिहिलं तर विनोद, आपण लिहिलं तर मोजमाप. आणि त्याला टॅग करण्याआधी एकदा विचारावं. कुणी आजारपणाची रजा काढून आलेला असतो.

पिठलं-भाकरीच्या मावशींचंही तसंच. डोक्यावर ताकाचं भांडं घेऊन, साध्या चपलांत त्या आपल्या आधी वर पोचलेल्या असतात, हे पाहून कुणालाही काही लिहावंसं वाटतं. पण ‘खऱ्या ट्रेकर याच!’ हे वाक्य आता इतकं झिजलंय की त्यात त्या मावशी दिसत नाहीत, आपला मोठेपणा तेवढा दिसतो. त्या छंद म्हणून चढलेल्या नाहीत, धंद्याला आल्या आहेत. फोटो काढायचा तर विचारून काढावा, आणि लिहायचं तर ताकात जिरं होतं की मिरची हे लिहावं. त्याने पुढच्या रविवारी त्यांचे चार पेले जास्त खपतील.

इतिहासाचं काय? राजगडाखाली तो येणारच. येऊ द्यावा, पण एकच गोष्ट आणि खात्रीची. मुरुंबदेवाच्या डोंगरावर उभा राहिलेला हा गड, रायगडाआधीची स्वराज्याची राजधानी. महाराजांचा पाव शतकाच्या आसपासचा काळ इथला. सईबाई राणीसाहेब १६५९ मध्ये गेल्या, त्यांची समाधी पद्मावती माचीवर आहे. राजाराम महाराजांचा जन्म १६७० मध्ये इथेच झाला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांतही राजगड आहे. यातलं काहीही एक वाक्यात बसतं. पण ते आपल्या चढाईशेजारी ठेवताना जरा तोलून पाहावं. जिथे माणसं वर्षानुवर्षं राहिली, धान्य आणि तोफा वर चढवल्या गेल्या, तिथे अर्ध्या दिवसासाठी जाऊन ‘सर केला’, ‘फत्ते’ असं लिहिलं की ते कानाला विचित्र लागतं. ‘जाऊन आलो’ पुरतं. आणि फोटोत दिसतंय त्याचंच नाव द्यावं. दुहेरी तटाची संजीवनी आणि नेढ्याची सुवेळा यांची अदलाबदल झालेली कॅप्शनं दर आठवड्याला दिसतात, आणि त्याखाली कुणीतरी जाणकार बाह्या सरसावून बसलेलाच असतो.

शेवटी बुधवारी फोटो गेला. चोर दरवाज्याशी धुळीने माखलेली सगळी तोंडं, एकाच्या सॅकचा पट्टा तुटून लोंबतोय. खाली लिहिलं होतं : ‘गुंजवण्यातून वर, पालीने खाली. बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांवर दर दहा पावलांना कुणाला तरी सुवेळा माची फार सुंदर दिसत होती. सोमवारपासून सगळ्यांना लिफ्ट फार सुंदर दिसतेय.’ बेटकुळी गेली होती. सव्वादोन तासही गेले होते, त्याबद्दल तो थोडा हळहळला.

संध्याकाळी त्याच्या ऑफिसमधल्या एका बाईंचा फोन आला. “मला जमेल का हो? मुलगा आठवीत आहे, त्याला घेऊन जायचंय.” सव्वादोन तासांच्या कॅप्शनवर हा फोन आला नसता. त्याने सांगितलं की थांबत थांबत साडेतीन तास धरा, ऊन चढायच्या आत निघा, प्रत्येकी किमान दोन-तीन लिटर पाणी घ्या, मुलाला चोर दरवाज्याची वाट आवडेल पण कातळावर त्याच्या मागे एक मोठा माणूस असू द्या, आणि पावसाळ्यात जायचं असेल तर पालीनेच जा. मग जरा थांबून म्हणाला, “आणि सोमवारी रजा टाका.”