आरशाचा उजेड डोक्यावर नको, दोन्ही बाजूंना हवा

घरी दाढी अगदी गुळगुळीत झाली असं वाटतं आणि सिग्नलला थांबल्यावर बाइकच्या आरशात जबड्याखाली राहिलेले खुंट दिसतात. आपण ब्लेडला दोष देतो, पण खोट बहुतेकदा दिव्याच्या जागेत असते. अनेक फ्लॅटमध्ये बाथरूमचा दिवा दारावर, म्हणजे आपल्या पाठीमागे असतो, नाहीतर थेट आरशाच्या वर. पाठीमागच्या दिव्याचा उजेड आपलंच डोकं अडवतं. वरच्या दिव्याने कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतो, पण भुवयांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. वस्तरा तर नेमका तिथेच जपून फिरवायचा असतो. अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब आणला जातो. त्याने चेहरा उजळतो, पण सावली हलत नाही, कारण उजेड येतो त्याच दिशेने.

उपाय म्हणजे चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पाडायचा. डाव्या दिव्यामुळे नाकाच्या उजवीकडे पडणारी सावली उजवा दिवा पुसतो आणि उजव्याची डावा. शिवाय उजेड गालावर थोडा तिरका पडत असल्यामुळे खुंट उठून दिसतात, हा दाढी करणाऱ्याचा जास्तीचा फायदा.

एक नेहमीचं बाथरूम घेऊ. चार फूट बाय सात फूट, बेसिनवर दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच आरसा. घरातल्या एकाची उंची ५ फूट २ इंच, दुसऱ्याची ५ फूट ८ इंच. डोळे डोक्याच्या टोकापासून साधारण चार इंच खाली असतात, म्हणजे एकाचे ४ फूट १० इंचांवर आणि दुसऱ्याचे ५ फूट ४ इंचांवर. मधली उंची झाली ५ फूट १ इंच. दोन फुटी एलईडी बॅटन आरशाच्या दोन्ही कडांपासून दोन-तीन इंच सोडून उभ्या बसवायच्या आणि त्यांचा मध्य या उंचीवर ठेवायचा. मग बॅटनचं खालचं टोक ४ फूट १ इंचावर येतं, बुटक्या माणसाच्या हनुवटीच्याही खाली. त्यामुळे हनुवटीखाली थोडा उजेड खालूनही पोचतो. एकेक गोल बल्ब लावला तर हे साधत नाही. लांब दिव्याची सावली मऊ पडते ती याचमुळे. बेसिन पांढरं असेल तर तेही थोडा उजेड वर परतवतं.

प्रत्येकी १० वॅटची बॅटन साधारण एक हजार ल्युमेन देते आणि जवळून दाढी करायला अशा दोन पुरतात. मात्र कव्हर दुधी हवं. पारदर्शक कव्हरमधले एलईडीचे ठिपके डोळ्यांत टोचतात. दोन्ही बॅटन एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या घ्या आणि एकाच बटणावर ठेवा, नाहीतर चेहऱ्याचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसेल. आपल्याकडे सर्रास मिळतो तो ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड. त्यापेक्षा ४००० केल्विनच्या आसपासचा त्वचेसाठी बरा. खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तर उत्तम. हा आकडा कमी असलेल्या दिव्यांत लाल रंग बहुधा नीट दिसत नाही, त्यामुळे वस्तऱ्याने झालेली लाली लक्षात येत नाही आणि मेकअपचा अंदाजही चुकतो.

हल्ली मागच्या बाजूने उजळणारे आरसे खूप खपतात. त्यांचा बराचसा उजेड भिंतीवर पडतो; भिंत सुंदर दिसते, चेहरा मात्र तसाच राहतो. काचेच्या दोन्ही कडांवर दुधी पट्टा असून उजेड समोर येत असेल, तरच असा आरसा दाढीच्या कामाचा.

आरसा भिंतभर रुंद असेल तर बाजूचे दिवे चेहऱ्यापासून फार लांब जातात. तिथे आरशाच्या वर लांबलचक आडवी बॅटन भिंतीपासून चार-सहा इंच पुढे आणून लावावी. नाकाची सावली सौम्य होते, पण हनुवटीखालची पूर्ण जात नाही; मान वर करूनच तिथे वस्तरा फिरवावा लागतो.

दिवे पक्के बसवण्याआधी इलेक्ट्रिशियनला ते हातात धरायला सांगा आणि गालापासून दोन इंचांवर पेन उभं धरून आरशात पाहा. एकच ठळक काळी रेघ दिसली तर उजेड एकीकडूनच येतोय. दोन फिकट रेघा दिसल्या तर जागा बरोबर आहे. एक रेघ जास्त गडद असेल तर एक दिवा जवळ आहे किंवा कमी प्रकाश देतोय.

वाफ आणि शिंतोडे लक्षात घेऊन दिवे किमान आयपी ४४ दर्जाचे घ्या आणि शॉवरच्या टप्प्यात लावू नका. वायर उघडी न सोडता केसिंग-पट्टीतून न्या, अर्थिंग तपासून घ्या आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का, तेही त्याच फेरीत पाहून घ्या.