आकडा माहीत नसताना मागितलेलं पगाराचं पत्र

ऑफर लेटर आलं की अनेक जण ओळखीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला फोन लावतात. "दादा, कंपनीकडे पगार वाढवून मागायचाय. एक चांगलंसं ईमेल लिहून द्या ना." भरती आणि पगाररचना या क्षेत्रात काम करत असल्यामुळे मलाही असे फोन येतात. ऑफर किती आहे असं विचारलं, तर उत्तर येतं, "बारा लाखांची आहे, पण थोडं वाढलं तर बरं." त्यात फिक्स्ड किती? "ते बघावं लागेल." या कामाला बाजारात काय मिळतं? "यापेक्षा जास्तच मिळत असेल." आणि पगार वाढला नाही, तर दुसरं काय चालेल? यावर फोनवर शांतता.

एवढ्या माहितीवर ईमेल लिहिता येतं, पण ते कसं होतं ते पाहा. "आपल्या ऑफरबद्दल मनापासून आभार. माझा अनुभव, कौशल्यं आणि बाजारातील सध्याचे दर लक्षात घेता पगाराचा पुनर्विचार व्हावा, ही विनंती." भाषा नम्र आहे, चूक कुठेच नाही. तरीही या पत्रातून काही निघत नाही, कारण यात किती हवं ते नाही, का हवं ते नाही आणि कशात हवं तेही नाही.

हे पत्र ज्या एचआरच्या माणसाकडे जातं, त्याची अडचण समजून घ्यायला हवी. पगार वाढवण्याचा अधिकार बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतो. प्रत्येक पदासाठी कंपनीने एक पट्टा ठरवलेला असतो, त्याला 'बँड' म्हणतात. त्या पट्ट्यात वर सरकायचं, तर ज्या विभागात जागा आहे तिथल्या मॅनेजरची आणि पगार ठरवणाऱ्या टीमची मंजुरी लागते. मंजुरीसाठी त्याला एक आकडा आणि एक कारण वर पाठवावं लागतं. तुमच्या पत्रात दोन्ही नसेल, तर त्याच्याकडे पाठवण्यासारखं काही उरत नाही. मग दोन ओळींचं उत्तर येतं: "आमच्या धोरणानुसार हीच सर्वोत्तम ऑफर आहे." उमेदवाराला वाटतं, कंपनीने नकार दिला. खरं तर नकार देण्याइतकी स्पष्ट मागणीच झालेली नसते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकची एक तरुणी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सहा वर्षं काम करते आहे. सध्याचा सीटीसी साडेनऊ लाख, सगळा फिक्स्ड. पुण्यातल्या कंपनीने १२ लाखांची ऑफर दिली आहे. वरवर पाहता वाढ २६ टक्क्यांची. घरात सगळे खूश, आणि तिलाही वाटतं, अजून लाखभर मागून पाहावं.

पण सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यापायी वर्षभरात येणारा एकूण खर्च. त्यातले किती पैसे दर महिन्याला खात्यात पडतील, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी ऑफरसोबतचा ब्रेकअप पाहावा लागतो. तिच्या ब्रेकअपमध्ये १२ लाखांपैकी १ लाख २० हजार व्हेरिएबल आहेत, म्हणजे कंपनीची आणि तिची कामगिरी पाहून वर्षाच्या शेवटी मिळाले तर मिळतील असे. बेसिक ६ लाख. त्यावर १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफ ७२ हजार. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे २८ हजार ८६०. ती साधारणपणे पाच वर्षं नोकरी झाल्यावरच पदरात पडते. आरोग्य विम्याचा हप्ता १० हजार. हे सगळं वजा केल्यावर ९ लाख ६९ हजार १४० रुपये राहतात. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ७२ हजार आणि महाराष्ट्राचा व्यवसायकर २,५०० कापला, की महिन्याला हातात येतात साधारण ७४ हजार ५०० रुपये. (२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र पगारावर सवलतीमुळे आयकर लागत नाही, म्हणून तो इथे धरलेला नाही.)

हाच हिशोब सध्याच्या नोकरीला लावला, तर आज तिच्या हातात सुमारे ६६ हजार ७०० रुपये येतात. म्हणजे सीटीसी २६ टक्क्यांनी वाढला, पण इनहँड वाढला १२ टक्क्यांच्या आत, जेमतेम ७ हजार ८०० रुपये. आज ती आईवडिलांच्या घरी राहते. पुण्यात खोलीचं भाडं, डिपॉझिट आणि जेवणखाण आलं, की ती वाढ पुरणार नाही. नुसतं "बारा लाखांची ऑफर आहे" एवढं सांगून तिने कुणाकडून पत्र लिहून घेतलं असतं, तर लिहिणाऱ्याने २६ टक्के वाढ गृहीत धरून "अजून थोडं" मागितलं असतं. खरी अडचण पत्रात आलीच नसती.

दुसरा प्रश्न बाजारभावाचा. आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातीत पगार सांगण्याची सक्ती नाही. अमेरिकेत कोलोरॅडोने २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून जाहिरातीत पगाराचा पट्टा देणं बंधनकारक केलं आहे. तिथे नोकरी शोधणाऱ्या मराठी मुलामुलींना तो आकडा जाहिरातीतच वाचायला मिळतो. इथे तो स्वतः गोळा करावा लागतो.

वेबसाइटवरची सरासरी सुरुवातीला ठीक आहे, पण पत्रात घालण्याइतकी पक्की नसते. तिच्यात जुने आणि नवे पगार, बंगळुरू आणि नागपूर, सेवा देणाऱ्या आणि स्वतःचं उत्पादन बनवणाऱ्या कंपन्या, फिक्स्ड आणि एकूण सीटीसी असं सगळं एकत्र झालेलं असतं. त्यापेक्षा गेल्या वर्षभरात नोकरी बदललेल्या, त्याच शहरातल्या, तेच काम करणाऱ्या आणि तेवढ्याच अनुभवाच्या तीन-चार जणांना विचारावं. "तुझा पगार किती?" असं विचारलं तर लोक अवघडतात. "या कामाला सहा वर्षांच्या अनुभवावर फिक्स्ड किती मागणं रास्त ठरेल?" असं विचारलं की बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात. रिक्रूटरचा फोन आला, की त्यालाही त्या जागेचं बजेट विचारता येतं. आपल्या उदाहरणातल्या तरुणीला या चौकशीतून फिक्स्ड साडेअकरा ते तेरा लाख असा पट्टा कळला असं धरू. तिच्या ऑफरमधलं फिक्स्ड १० लाख ८० हजार आहे. आता मागणीला आधार मिळाला.

हा आधार नसताना पत्र लिहून देणारा माणूस अडचणीत येतो आणि मग अंदाजाने काहीतरी भरतो. "बाजारात १६ लाख चालू आहेत" किंवा "माझ्याकडे दुसरी ऑफर आहे" असं वाक्य तिथेच घुसतं. कंपनी त्यावर दुसऱ्या ऑफरचं पत्र मागू शकते. ते दाखवता आलं नाही, तर पगार बाजूला राहतो आणि उमेदवाराच्या शब्दावरच शंका येते. पत्र कुणीही लिहून दिलेलं असो, उत्तर उमेदवारालाच द्यावं लागतं.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते: आपल्याला नक्की काय हवंय? पगार हा एकच आकडा नसतो. फिक्स्ड, व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस, रुजू होण्याची तारीख, नोटीस पिरियड विकत घेण्याचा खर्च, घरून काम करण्याचे दिवस या प्रत्येकावर बोलता येतं, पण सगळ्यांवर एकाच वेळी नाही. जॉइनिंग बोनस चटकन मंजूर होऊ शकतो, कारण तो एकदाच द्यायचा असतो. मात्र वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करावा लागेल अशी अट बहुधा असते. ज्याला दर महिन्याला हप्ता भरायचा आहे, त्याला या बोनसचा फारसा उपयोग नाही.

आपल्या तरुणीला दर महिन्याची रक्कम हवी आहे, कारण भाडं दर महिन्याला द्यायचं आहे. तिचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे आणि नव्या कंपनीला ती ६० दिवसांत हवी आहे. बोनस नसला तरी तिला चालेल. एवढं ठरलं, की पत्र जवळजवळ आपोआप लिहिलं जातं. कंपनीला ते इंग्रजीत जाईल, पण आशय असा:

"ऑफरबद्दल आभार. या टीमसोबत काम करायची माझी इच्छा आहे. ब्रेकअप पाहिला. एकूण १२ लाखांत फिक्स्ड १० लाख ८० हजार आहे. पुण्यात सहा वर्षांच्या अनुभवासाठी फिक्स्ड साडेअकरा ते तेरा लाख मिळतं, असं माझ्या चौकशीत आढळलं. सध्याचा माझा पगार पूर्ण फिक्स्ड आहे आणि मला नाशिकहून पुण्याला राहायला यावं लागेल. त्यामुळे एकूण रक्कम १२ लाखच ठेवून व्हेरिएबलचे १ लाख २० हजार फिक्स्डमध्ये घ्यावेत, अशी विनंती. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. ६० दिवसांत रुजू व्हायचं असेल, तर उरलेल्या ३० दिवसांची भरपाई कंपनीने द्यावी. या दोन गोष्टी जमल्या, तर मी लगेच स्वीकृती कळवते."

या पत्रात बजेटचा एकूण आकडा वाढलेला नाही. ते १ लाख २० हजार भत्त्यात आले, तर तिचा इनहँड महिन्याला १० हजारांनी वाढून साडेचौऱ्याऐंशी हजारांवर जातो. एचआरला वर पाठवायला आकडा, कारण आणि उमेदवार येणार याची खात्री, असं तिन्ही एकदम मिळतं. कंपनी तरीही नाही म्हणू शकते. काही ठिकाणी त्या श्रेणीतल्या सगळ्यांनाच व्हेरिएबल ठेवलेलं असतं. पण मग निदान "अर्धं घेता येईल का" किंवा "सहा महिन्यांनी पगाराचा आढावा घ्याल का" असं पुढचं बोलणं तरी सुरू होतं.

अर्थात सगळीकडे हे चालत नाही. सरकारी नोकरीत पगार वेतनश्रेणीनुसार ठरतो. कॅम्पसमधून भरती होताना पूर्ण तुकडीला बहुधा एकच पगार असतो. आणि ऑफर लेखी स्वीकारल्यावर मागणी केली, तर ती शब्द फिरवल्यासारखी दिसते. पगाराचं बोलणं ऑफर हातात आल्यापासून ती स्वीकारेपर्यंतच्या काळातच करायचं असतं.

माहिती हातात नाही आणि उत्तर तर आजच द्यायचं आहे, अशा वेळी लिहिण्याजोगं एकच पत्र आहे: "ऑफरबद्दल आभार. कृपया पगाराचा सविस्तर ब्रेकअप आणि व्हेरिएबलच्या अटी पाठवाव्यात. त्या पाहून दोन दिवसांत माझं म्हणणं कळवते." यात मागणी नाही, म्हणून चुकीची मागणी होण्याचा धोकाही नाही. दोन दिवसांचा अवधी मिळाला, की कागद-पेन घेऊन बसावं. ऑफरमधलं फिक्स्ड किती, बाजारात किती आणि मला सर्वांत आधी काय हवं, ही तीन उत्तरं एकेका ओळीत लिहावीत. मगच कुणाकडे पत्र मागावं. आणि तुमच्याकडे कुणी असं पत्र मागायला आलं, तर आधी ही तीन उत्तरं मागा.