फ्रेंचचे दोन भविष्यकाळ : प्रश्न अंतराचा नाही

फ्रेंच शिकणाऱ्याला सुरुवातीलाच एक सोपा नियम मिळतो. घटना जवळची असेल तर ‘जाणे’ या अर्थाच्या ‘आले’ क्रियापदाचा वर्तमानकाळ वापरून पुढे मूळ क्रियापद ठेवायचं. लांबची असेल तर क्रियापदालाच भविष्याचे प्रत्यय लावायचे. पहिल्या रूपाचं नावच ‘फ्युत्युर प्रॉश’, म्हणजे जवळचा भविष्यकाळ. या नावानेच घोटाळा केला आहे, कारण खरा फरक अंतराचा नाही.

‘एल व्हा आव्वार अँ नाँफाँ’ असं म्हटलं की ऐकणारा समजतो, ती गरोदर आहे. ‘एल ओरा अँ नाँफाँ’ म्हटलं तर तो पुढच्या शब्दांची वाट पाहतो : कधी? लग्नानंतर? मराठी कानाला हा भेद लगेच पटतो. ‘तिला मूल होणार आहे’ आणि ‘तिला मूल होईल’ यांत आपणही तोच फरक करतो. पहिल्या वाक्यात घटनेचं मूळ आजच्या परिस्थितीत आहे, दुसऱ्यात ती आजपासून सुटी आहे. म्हणून सूर्य काही अब्ज वर्षांनी विझणार, हे सांगतानाही फ्रेंच माणूस ‘व्हा मुरिर’ म्हणू शकतो, आणि उद्याच्याच पावसासाठी हवामानाच्या बातमीत ‘इल प्लव्रा’ येतं. खिडकीतून काळे ढग पाहणारा मात्र ‘इल व्हा प्लव्वार’च म्हणतो.

पण मराठीचा आधार सगळीकडे पुरत नाही. शिडीवर चढलेल्या मुलाला आपण ‘अरे, पडशील!’ असं ओरडतो. त्याचं शब्दशः ‘त्यु तोंबरा’ केलं तर ते भाकीत वाटतं. धोका डोळ्यांसमोर आहे, म्हणून तिथे ‘त्यु व्हा तोंबे!’ हवं.

‘काँ’, म्हणजे ‘जेव्हा’, आलं की आणखी एक सापळा असतो. ‘तो आला की फोन करेन’ यात आपण पहिल्या भागात भूतकाळाचं रूप वापरतो. फ्रेंचमध्ये दोन्हीकडे सहसा साधा भविष्यकाळ येतो : ‘काँ तिल आरिव्हरा, ज तापेलरे.’ अजून न घडलेल्या गोष्टीवर दुसरी गोष्ट टांगलेली असते, तेव्हा प्रत्ययाचं रूपच सहज वाटतं. ‘जर’ या अर्थाच्या ‘सी’नंतर मात्र भविष्यकाळ चालत नाही, तिथे वर्तमानकाळच लागतो.

प्रदेशानुसारही सवय बदलते. क्वेबेकमध्ये बोलताना होकारार्थी वाक्यात बहुतेक वेळा ‘आले’चंच रूप ऐकू येतं, पण वाक्य नकारार्थी झालं की साधा भविष्यकाळ परत येतो. फ्रान्समध्ये नकाराचा प्रभाव इतका ठळक नाही.

‘बघू या’साठी ‘ओं व्हेरा’ हे साध्या भविष्यकाळातलं रूप तसंच पाठ करा. बाकी बोलताना अडलात, तर ‘आले’चं रूप वापरा; संभाषणात ते क्वचितच खटकतं. साधा भविष्यकाळ वचन, अंदाज आणि ‘काँ’च्या वाक्यांसाठी राखून ठेवा.