ओठांवरची लव आणि नकाराची किंमत
(लेखांक सातवा)

मागील लेखांकात विधवांच्या केशवपनाचा विचार झाला. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी ते काम नाकारले, तेव्हा डोक्यावरचे केस काढणे ही विधवेवरची सक्ती होती. आज चेहऱ्यावरचे केस काढणे ही जवळजवळ प्रत्येक तरुणीकडून गृहीत धरलेली गोष्ट आहे, आणि ती आज्ञेने नव्हे तर टोमण्यांनी लादली जाते.

स्त्रीच्या चेहऱ्यावर किंवा अंगावर पुरुषांप्रमाणे जाड, काळे केस येणे यास वैद्यकात हर्सुटिझम म्हणतात. ते मोजण्याच्या फेरीमन-गॅलवे पद्धतीत वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या अशा नऊ जागांना प्रत्येकी 0 ते 4 गुण देतात, आणि बारीक लव त्यात धरतच नाहीत. बेरीज 8 किंवा अधिक असल्यास तपासणी करावी असा जुना दंडक होता. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने ही सीमा वंशानुसार 4 ते 6 इतकी खाली आणली.

समजा, सोनगीरहून महामार्गाने धुळ्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलीच्या ओठांच्या कडांना छोटी मिशी दिसते, म्हणजे 2 गुण, हनुवटीवर तुरळक केस आहेत, म्हणजे 1 गुण, आणि अन्यत्र शून्य. बेरीज 3 भरते, म्हणजे दोन्ही सीमांनुसार तिला हर्सुटिझम नाही, असे ठरते. परंतु बघण्याच्या कार्यक्रमाला आलेली मंडळी नऊ जागा मोजत नाहीत, त्यांना दिसतात त्या दोनच, आणि ‘मुलीला मिशा आहेत’ हे वाक्य स्थळ मोडण्यास पुरते. याउलट पाळी अनियमित असणे, केस अचानक वाढणे किंवा आवाज घोगरा होणे ही संप्रेरकांच्या बिघाडाची लक्षणे असू शकतात. मात्र दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरून केसांची खूण पुसली जाते आणि तपासणी लांबते. अशा वेळी ‘केस काढते’ हे तिने डॉक्टरांना आपण होऊन सांगणे आवश्यक ठरते.

नकाराची किंमत किती, हे 2024 च्या एप्रिलमध्ये दिसले. उत्तर प्रदेश मंडळाच्या दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचे छायाचित्र प्रसिद्ध होताच तिच्या गुणांऐवजी ओठांवरच्या केसांची चर्चा सुरू झाली, आणि एक-दोन गुण कमी पडले असते तर बरे झाले असते, अशा आशयाचे उद्गार तिने काढले. दाढीची साधने विकणाऱ्या एका कंपनीने तिला धीर देणारी जाहिरात दिली, तीही अखेर तिच्या केसांवरच बेतलेली होती. जिने काहीच नाकारले नव्हते, केवळ केस काढले नव्हते, तिच्यावर यशाबद्दल खंत करण्याची पाळी आली. म्हणून ज्याला आवड म्हटले जाते, त्यात निवडीचा वाटा किती, हे नकार देणाऱ्या मुलीच्या वाट्याला काय येते यावरूनच ठरवावे लागते.

पुढील लेखांकात केसविरहित चेहऱ्याचा हा मापदंड शरीराच्या इतर भागांपर्यंत कसा पोहोचला, याचा विचार करण्यात येईल.