एस्टिमेट लेटर पाठवाल का?

1989 साली इंग्लंडमधल्या एका लहान मुलासाठी आवाहन निघालं. त्याच्या मेंदूत गाठ होती आणि त्याला सर्वाधिक शुभेच्छापत्रं मिळवण्याचा गिनेस विक्रम करायचा होता. वर्षभरात दीड कोटीहून जास्त पत्रं आली आणि विक्रम झाला. 1991 मध्ये एका अमेरिकन धनिकाच्या मदतीने त्याच्यावर अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा बरा झाला. पत्रं मात्र थांबली नाहीत. पुढची कितीतरी वर्षं जगभरातून पोत्यांनी टपाल येत राहिलं. दरम्यान आवाहनाचा मजकूर आपोआप बदलत गेला होता. मुलाच्या नावाचं स्पेलिंग बिघडलं, पत्ता बदलला, कुठे शुभेच्छापत्रांच्या जागी व्हिजिटिंग कार्डं मागितली गेली. मुलगा तरुण झाला, पण आवाहनातला मुलगा लहान आणि आजारीच राहिला.

हे टपाल आणि फॅक्सवर सुरू झालं. त्यात कोणाचा लबाडीचा हेतू असायचीही गरज नव्हती. भल्या माणसांनी भल्या हेतूने पुढे पाठवलेला मजकूर मूळ माणसापासून सुटला आणि स्वतंत्रपणे जगू लागला, एवढंच. आज आपल्या फोनवर येणाऱ्या ‘लहानग्याला वाचवा’ मेसेजकडे मला याच नजरेने पाहावंसं वाटतं. मेसेज खरा की खोटा, हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचं, की तो अजून त्या रुग्णाला बांधलेला आहे की सुटला आहे.

गंमत अशी, की हे तपासणं वाटतं तितकं अवघड नाही. रुग्णालयात दाखल झालेला माणूस थक्क व्हावं इतके कागद निर्माण करतो. ओपीडीचा केस पेपर, यूएचआयडी म्हणजे त्या रुग्णालयातला त्याचा कायमचा नोंदणी क्रमांक, दाखल झाल्यावर आयपीडी क्रमांक, अॅडव्हान्स भरल्याच्या पावत्या. मोठा उपचार ठरला की बिलिंग काउंटर किंवा डॉक्टरांकडून खर्चाचं अंदाजपत्रक मिळतं. रुग्णालयात सगळे त्याला एस्टिमेट लेटर म्हणतात. विमा कंपनीला ते लागतं, मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाला लागतं, ट्रस्टकडे मदत मागायला गेलात तरी पहिल्यांदा तेच मागतात. लाखो रुपयांसाठी धावणाऱ्या घरात ते प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आणि कोणाच्या तरी फोनमध्ये असतंच. म्हणून ते मागितल्याने खऱ्या कुटुंबावर नवं ओझं पडत नाही.

एक उदाहरण रचून पाहू. मावशीने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला आहे: तीन वर्षांचं बाळ, ब्लड कॅन्सर, बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायचंय, पुण्यात दाखल, 22 लाख हवेत, वेळ कमी आहे. खाली नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो आणि क्यूआर कोड. मेसेजवर दोन बाण दिसतात. व्हॉट्सअॅपवर दोन बाण म्हणजे हा मजकूर मूळ पाठवणाऱ्यापासून निदान पाच हात पुढे आलेला आहे. तारीख कुठेच नाही. ‘आज दाखल केलं’ असं लिहिलंय, पण कुठल्या आज?

इथे ग्रुपवरच ‘हे फेक असतं’ असं फेकणारे महाभाग प्रत्येक घरात असतात. त्याने मावशी दुखावते, आणि बाळ खरं असेल तर त्याचंही नुकसान होतं. प्रश्न मावशीला वेगळा, वैयक्तिक पाठवायचा. तो साधारण असा लिहिता येईल:

“मावशी, बाळाचा मेसेज वाचला. मलाही मदत करायची आहे आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा आहे. तिथे लोक विचारतील म्हणून तुला विचारतोय. हा तुला कोणाकडून आला? त्यांची बाळाच्या घरच्यांशी ओळख आहे का? रुग्णालयाच्या एस्टिमेट लेटरचा फोटो मिळाला तर बरं, तारीख आणि यूएचआयडी दिसेल असा. आणि खातं ज्यांच्या नावावर आहे, ते बाळाचे कोण? रिपोर्ट, आधार कार्ड काही नको. मिळालं की लगेच पुढे पाठवतो.”

या मजकुरात शंका कुठेच नाही, कारण लिहिणाऱ्याने स्वतःला मदत करणाऱ्यांच्या रांगेत आधीच उभं केलं आहे. ‘रिपोर्ट नको’ हे मुद्दाम लिहायचं. बायोप्सीचा अहवाल वाचून आपल्याला काही कळत नाही, आणि बाळाचा आजार दहा ग्रुपवर फिरायचं कारण नाही. आपल्याला फक्त तीन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या पाहायच्या आहेत: रुग्ण, रुग्णालय आणि खातं.

आता प्रश्न उलट्या दिशेने चालू लागतो, आणि मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. मावशी भिशीतल्या मैत्रिणीला विचारते. मैत्रीण आपल्या मुलाला, मुलगा ऑफिसमधल्या सहकाऱ्याला. प्रत्येक जण फक्त आपल्या मागच्या माणसाला ओळखतो, पण तेवढं पुरतं. आवाहन खरं असेल तर अशा चार-पाच फोनमध्ये आपण बहुधा बाळाच्या काकापर्यंत पोहोचतो. आवाहन सुटलेलं असेल, तर कुठल्या तरी टप्प्यावर उत्तर येतं: ‘कोण जाणे, एका ग्रुपवर आलं होतं.’ साखळी जिथे तुटते, तिथून पुढे विचारायला कोणी उरत नाही.

समजा, आपली साखळी काकापर्यंत पोहोचली आणि त्यांनी पत्राचा फोटो पाठवला. पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर आहे, तारीख गेल्या आठवड्यातली, यूएचआयडी आहे, डॉक्टरांची सही आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे. पण रक्कम 18 लाख. मेसेजमध्ये 22! लगेच दचकू नये. एस्टिमेट हे नावाप्रमाणे अंदाज असतं. संसर्ग झाला, मुक्काम लांबला तर बिल वाढतं, हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेलंही असतं. शिवाय ट्रान्सप्लांटनंतरची औषधं, पुण्यातली राहण्याची खोली, आधीच घेतलेलं कर्ज हे त्या पत्रात येत नाही. काकांना विचारलं तर ते सरळ सांगतील की वरचे चार लाख कशाचे. माझ्या मते रकमेतल्या फरकापेक्षा त्याचं उत्तर कसं येतं हे जास्त बोलकं. घरचा माणूस तपशिलात शिरतो, दमून का होईना. ठकवणारा घाईत शिरतो: आधी पाठवा, मग बोलू, बाळ जातंय.

पत्राचा फोटोही बनवता येतो, म्हणून आणखी एक पायरी. रुग्णालयाला फोन करायचा, पण पत्रावरच्या नंबरवर नाही. रुग्णालयाच्या वेबसाइटवरचा नंबर आपण स्वतः शोधायचा. ‘अमुक बाळाला खरंच कॅन्सर आहे का’ असं विचारलं तर ते सांगणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. विचारायचं असं: ‘या यूएचआयडीवर मला थेट रुग्णालयात पैसे भरायचे आहेत, भरता येतील का?’ बिलिंगचा माणूस सहसा क्रमांक तपासतो आणि हो किंवा नाही सांगतो. समाजसेवा विभाग असेल तर तिथला माणूस याहून उपयोगी पडतो. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. घरच्यांनी त्यासाठी अर्ज केला आहे का, हे काकांना विचारलं तर कधी कधी मागायची रक्कमच कमी होते. चौकशीतून मदत निघते ती अशी.

इथपर्यंत सगळं खरं निघालं, म्हणजे झालं असं वाटतं. पण तिसरा धागा अजून पाहायचा राहिला आहे. खऱ्या बाळाचा खरा फोटो आणि खरं पत्र उचलायचं आणि तळाचा क्यूआर कोड तेवढा बदलायचा, हा फसवणुकीचा फार सोपा प्रकार आहे. फोटो पाहून आपल्याला बाळ ओळखता येतं. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कोड पाहून कोणालाच काही ओळखता येत नाही. म्हणून कोड स्कॅन करायचा आणि पैसे न भरता थांबायचं. यूपीआय अॅप पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवतं. जून 2025 अखेरपासून हे नाव बँकेच्या नोंदीतलंच दाखवण्याचा नियम आहे; कोडमध्ये कोणी भरलेलं किंवा आपण फोनमध्ये साठवलेलं नाव चालत नाही. ते नाव काकांना कळवायचं. आपल्या उदाहरणात काका म्हणतात, ‘हा कोण? आमच्या दादाचं खातं दुसरंच आहे.’ बाळ खरं, आजार खरा, आणि तरी ऑफिसच्या ग्रुपवरून गेलेला प्रत्येक रुपया तिसऱ्याच माणसाच्या खिशात गेला असता. काकांनाही हे आत्ताच कळतंय. मूळ कोडची जागा वाटेत कोणी घेतली, हे त्यांना घरात बसून कळायला दुसरा मार्ग नव्हता.

अर्थात नाव न जुळणं म्हणजे नेहमी लबाडी नाही. निधी उभारणारी संकेतस्थळं प्रत्येक आवाहनासाठी वेगळा आभासी खाते क्रमांक तयार करतात, आणि तिथे वडिलांच्या ऐवजी संस्थेचं किंवा मोहिमेचं नाव दिसतं. अशा वेळी मेसेजमधली लिंक न दाबता, त्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन आवाहन शोधायचं आणि तिथला क्रमांक ताडून पाहायचा. उलट, वैयक्तिक खात्याखाली ‘80 जी खाली करसवलत मिळेल’ असं लिहिलेलं दिसलं तर नक्की थांबावं. ती सवलत पात्र निधीला किंवा मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर असते, कोणा व्यक्तीच्या खात्यात टाकलेल्या पैशांवर नाही.

या सगळ्याला मर्यादा आहेत. रुग्णालय फोनवर काहीच बोलायला नकार देऊ शकतं. घरची माणसं आयसीयूच्या दाराशी असतील, तर दोन दिवस उत्तर येणार नाही, आणि उत्तर न येणं हा कशाचाच पुरावा नाही. तेव्हा मेसेज पुढे पाठवायचा नाही, एवढंच. आरोपही करायचा नाही. बदललेल्या कोडवर कोणी पैसे भरून बसलं असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवायचं. पैसे त्या खात्यातून पुढे हलण्याआधी ते अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते.

आणि सगळं जुळलं, तर पुढे पाठवताना जुना मेसेज तसाच ढकलू नये. काकांकडून घेतलेला योग्य खाते क्रमांक घालून नव्याने टाइप करावा आणि वर स्वतःची ओळ लिहावी: ‘14 तारखेला बाळाच्या काकांशी बोललो, एस्टिमेट पाहिलं, खातं वडिलांच्या नावावर आहे. महिनाअखेरीनंतर पाठवू नका, आधी मला विचारा.’ खाली आपलं नाव. ती ओळही पुढे कोणी तरी गाळेल, पण निदान पहिल्या ग्रुपातल्या माणसांना कोणाला फोन करायचा हे माहीत असेल. रक्कम पूर्ण झाली की त्याच ग्रुपवर तेवढंच ठळक लिहायचं, ‘पैसे जमले, आता पाठवू नका.’ आवाहनं शंभर दिसतात, पण हा मेसेज मी फार क्वचित पाहिला आहे.